आज रात्री साडेनऊ वाजता



‘प्रिय ग्राहक, गेल्या महिन्याचे आपले वीजबिल अद्ययावत न झाल्यामुळे आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा खंडित करण्यात येईल. त्वरित आमच्या वीज अधिकाऱ्याशी संपर्क साधा.’ खाली एक दहा आकडी मोबाइल क्रमांक. या आशयाचा, बहुधा मोडक्या इंग्रजीत लिहिलेला संदेश २०२२ पासून महाराष्ट्रातील असंख्य मोबाइलवर येऊन गेला आहे. महावितरणने त्याविषयी वारंवार सावधगिरीची निवेदने काढली. तरीही संदेश थांबलेला नाही, केवळ त्याचे रूप बदलले. कधी त्याच्याबरोबर दुवा येतो, कधी व्हॉट्सॲपवर एखादी फाइल येते, तर कधी संदेशाऐवजी थेट फोनच येतो. पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅसच्या नावानेही हाच खेळ चालला आहे. ‘आज रात्री गॅस बंद होईल’, एवढाच त्यात फरक.

आजच्या लेखात या एकाच संदेशाचा विचार करावयाचा आहे. तो खोटा आहे हे आपणा सर्वांना ऐकून ठाऊक असते. मात्र तो खोटा का ठरतो, खरी वीज कशी तोडली जाते आणि दहा रुपये मागणारा मनुष्य प्रत्यक्षात काय घेऊन जातो, हे नीट ठाऊक असले तर ऐन वेळी गोंधळ होत नाही.

प्रथम त्या संदेशातील शब्दयोजना पाहावी. ‘आपण बिल भरले नाही’ असे तो म्हणत नाही. बिल ‘अद्ययावत झाले नाही’ असे म्हणतो. या एका शब्दात सारी मेख आहे. ज्याने बिल भरलेले नाही त्याला आपली थकबाकी माहीत असते आणि तो अशा संदेशाने दचकत नाही. जो दर महिन्याला मुदतीच्या आत पैसे भरतो, तोच विचारात पडतो, ‘मी तर भरले होते, मग नोंद कशी झाली नाही?’ संगणकात काही चूक झाली असेल, दोन मिनिटांत दुरुस्त करून टाकू, असे त्याला वाटते. म्हणजे हे जाळे थकबाकीदारासाठी विणलेले नाही. ते चोख व्यवहाराच्या, कोणाचे देणे अंगावर ठेवू नये असे मानणाऱ्या घरासाठी आहे, कारण बँकेत शिल्लकही त्याच घराची असते. हा संदेश पाठवणाऱ्याला आपले बिल किती, ते भरले की नाही, यातले काहीही ठाऊक नसते. तो हजारो क्रमांकांवर एकच मजकूर पाठवतो आणि कोण उलट फोन करतो याची वाट पाहतो.

आता खरी वीज कशी तोडली जाते ते पाहू. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ मध्ये याची रीत ठरवून दिली आहे. बिल थकले असता वीज कंपनीने ग्राहकाला लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्या नोटिशीनंतर किमान पंधरा पूर्ण दिवस जाऊ द्यावे लागतात. ‘पूर्ण दिवस’ याचा अर्थ असा की नोटीस मिळाल्याचा दिवस आणि वीज तोडण्याचा दिवस हे दोन्ही मोजणीत धरत नाहीत. बिलाच्या रकमेविषयी वाद असेल, तर त्याच कलमात ग्राहकाला आणखी एक वाट ठेवली आहे. मागितलेली रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका घरगुती ग्राहकाचे बिल ५ जूनचे आहे आणि ते भरण्याची अंतिम तारीख २६ जून आहे. बिल राहून गेले. कंपनीने २८ जूनला नोटीस दिली. आता २९ जून ते १३ जुलै हे पंधरा पूर्ण दिवस मोजावयाचे. म्हणजे कायद्याने वीज तोडता येईल तो पहिला दिवस १४ जुलै. बिलाच्या तारखेपासून तो एकोणचाळीस दिवसांनी येतो. ‘गेल्या महिन्याचे बिल, आज रात्री साडेनऊ’ ही मोजणी या चौकटीत कोठेच बसत नाही. ज्या संदेशात पंधरा दिवसांची मुदत नाही, ग्राहक क्रमांक नाही, थकलेली रक्कम नाही, तो कायद्याच्या दृष्टीने नोटीसच नव्हे.

येथे काही जण म्हणतील, ‘मोबाइलवर आलेला वीजतोडीचा प्रत्येक संदेश खोटा, असे सरळ समजावे ना!’ तसे समजणे मात्र चुकीचे ठरेल. महावितरण बिलाची रक्कम, अंतिम तारीख आणि थकबाकीची सूचना मोबाइलवरील लघुसंदेशानेही देते. खरोखरच बिल राहून गेले असेल, तर खरी सूचनाही याच मोबाइलवर येऊ शकते आणि ती दुर्लक्षिली तर अंधारात बसण्याची पाळी येईल. कधी महावितरणचा कर्मचारी थकबाकीसाठी फोन करतो किंवा दारीही येतो. नवीन स्मार्ट मीटर दुरूनही बंद करता येतो, हेही खरे. पण मीटर बदलल्याने बिल थकलेल्या ग्राहकाची पंधरा दिवसांची मुदत नाहीशी होत नाही. म्हणून ‘संदेश आला’ एवढ्यावरून खरे-खोटे ठरत नाही. तो कोठून आला आणि आपल्याकडून काय करवून घेऊ पाहतो, या दोन गोष्टींवरून ते ठरते.

कोठून आला हे पाहणे सोपे आहे. महावितरणचे लघुसंदेश कोणा व्यक्तीच्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून येत नाहीत. ते VM-MSEDCL, VK-MSEDCL, AM-MSEDCL, JM-MSEDCL अशा नोंदणीकृत नावाने येतात. पहिले अक्षर दूरसंचार कंपनीचे आणि दुसरे विभागाचे. २०२५ पासून अशा नावांच्या शेवटी जोडरेघ देऊन P, S, T किंवा G यांपैकी एक अक्षरही जोडले जाते. P म्हणजे जाहिरात, S म्हणजे सेवेविषयी, T म्हणजे व्यवहाराविषयी आणि G म्हणजे शासकीय. नाव नीट वाचावे. MSEDCL मधील शेवटचे L बदलून तेथे I किंवा दुसरे अक्षर टाकले, तर घाईत ते लक्षात येत नाही. शिवाय १ ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणीकृत नावाने जाणाऱ्या लघुसंदेशात केवळ आधी मंजूर करून घेतलेलेच दुवे पाठवता येतात. हे बंधन व्हॉट्सॲपला आणि साध्या मोबाइल क्रमांकावरून पाठवलेल्या संदेशाला लागू नाही. त्यामुळे फसवणुकीचा दुवा बहुधा या दोन वाटांनीच येतो. व्हॉट्सॲपवर महावितरणचे चिन्ह लावलेले दिसले तरी त्याला काही अर्थ नाही. ते चित्र कोणीही लावू शकतो.

दुवा आलाच, तर तो न उघडता नुसता वाचता येतो. पत्त्यामधील पहिली एकेरी तिरकी रेघ शोधावी आणि तिच्या लगेच डावीकडे काय आहे ते पाहावे. महावितरणच्या पत्त्यात तेथे mahadiscom.in हेच शब्द असतील. त्याऐवजी mahadiscom या शब्दाला जोडरेघ देऊन bill, pay, update असे काही जोडलेले असेल आणि शेवटी वेगळेच अक्षरगट असतील, तर तो पत्ता दुसऱ्या कोणाचा तरी आहे. आखूड केलेला दुवा असेल, तर आत काय आहे हे कळतच नाही, म्हणून त्यावर बोट ठेवूच नये. अर्थात ही सारी परीक्षा चुकण्याची शक्यता असते, विशेषतः ज्यांना इंग्रजी बारीक अक्षरे वाचण्याचा त्रास होतो त्यांची. त्यांच्यासाठी एकच नियम पुरेसा आहे. पैसे भरण्याची वाट आपण निवडावी, संदेशाने दाखवलेल्या वाटेने कधी जाऊ नये. बिल राहिले असे वाटले, तर महावितरणच्या ॲपवर, संकेतस्थळावर, आपल्या नेहमीच्या बँकेच्या ॲपवर किंवा वीजबिल भरणा केंद्रावर आपण होऊन जावे आणि बारा आकडी ग्राहक क्रमांक देऊन पाहावे. थकबाकी असेल तर ती तेथे दिसेलच.

आता समजा, कोणी त्या क्रमांकावर फोन केला. पुढे काय घडते? बिबवेवाडीतील एका सोसायटीत राहणारे एक निवृत्त व्यापारी आजोबा डोळ्यांसमोर आणावेत. हे घर कल्पित आहे, पण यात घडणारी प्रत्येक गोष्ट या फसवणुकीत नेहमी आढळणारी आहे. पलीकडचा मनुष्य अत्यंत नम्रपणे बोलतो. ‘सर, मी वीज कार्यालयातून बोलतोय. आपले बिल जमा आहे, पण सिस्टिममध्ये अपडेट झालेले नाही. काळजी करू नका, मी तुमची लाइन चालू ठेवतो. फक्त दहा रुपये भरून नोंद करून घ्यावी लागेल.’ आजोबांचे मन निवळते. आपण पैसे भरले होते हे तो मान्य करतो आहे, मागतो आहे फक्त दहा रुपये. दहा रुपयांसाठी कोण फसवील?

मग तो एक ॲप उतरवून घ्यावयास सांगतो. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर क्विकसपोर्ट ही त्यांची नेहमीची नावे. ही ॲपे मुळात खोटी नाहीत. दूर बसलेल्या तंत्रज्ञाला आपल्या यंत्राचा पडदा दाखवून दुरुस्ती करून घेण्यासाठी ती बनवलेली आहेत. त्यामुळे ती अधिकृत दुकानातच मिळतात आणि आजोबांचा विश्वास बसतो. ॲप उघडले की पडद्यावर एक आकडी क्रमांक दिसतो. ‘तो क्रमांक मला सांगा आणि जे विचारील त्याला होकार द्या.’ येथून पुढे आजोबांच्या मोबाइलचा पडदा त्या मनुष्याच्या डोळ्यांसमोर असतो. आजोबा त्याने दिलेल्या पानावर दहा रुपये भरण्यासाठी कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागील तीन आकडे लिहितात. तो ते वाचतो. अनेकदा पान सांगते की भरणा झाला नाही, दुसरे कार्ड वापरा. मग दुसऱ्या कार्डाचीही माहिती जाते. त्यानंतर तो त्या कार्डावर मोठा व्यवहार सुरू करतो. बँकेचा ओटीपी आजोबांच्या मोबाइलवर येतो, पडद्याच्या वरच्या बाजूला क्षणभर झळकतो आणि तेवढा वेळ त्याला पुरतो. आजोबांनी ओटीपी कोणाला सांगितलेलाच नसतो. ‘मी ओटीपी दिला नाही, तरी पैसे कसे गेले?’ हा प्रश्न अनेकांना पडतो, त्याचे उत्तर हे आहे.

दुसरी रीत अधिक नवी आहे आणि तिच्यात बोलणेही फारसे लागत नाही. व्हॉट्सॲपवर बिलाच्या नावाने एक फाइल येते. तिचे नाव काहीही असो, शेवटी .apk ही अक्षरे असतात. खरे बिल बहुधा .pdf या प्रकारचे असते, म्हणजे वाचण्याचा कागद. .apk हा कागद नव्हे, ते ॲप आहे. ते उघडताना मोबाइल आधी विचारतो की अनोळखी ठिकाणाहून आलेले ॲप बसवू का, आणि नंतर विचारतो की याला तुमचे संदेश वाचू देऊ का. या दोन्ही प्रश्नांना होकार मिळाला की आपल्याला येणारा प्रत्येक ओटीपी गुपचूप दुसरीकडे जाऊ लागतो. कधी ते ॲप पडद्यावर दिसतही नाही. अशा वेळी पैसे त्याच क्षणी जातील असेही नसते. काही तासांनी, कदाचित रात्री सारे झोपल्यावर ते जातात. बिल पाहण्यासाठी आपले लघुसंदेश वाचण्याची परवानगी कशाला हवी, एवढा एकच प्रश्न मनात आला, तरी बोट तेथे थांबते.

दोन्ही रीतींत दहा रुपये हा केवळ दरवाजा उघडण्याचा बहाणा आहे. चोराला दहा रुपये नको असतात. आपल्या हाताने आपण दार उघडावे एवढेच त्याला हवे असते. आपल्या परंपरेत चोरीला अदत्तादान म्हणतात, न दिलेले घेणे. या फसवणुकीची दुष्टता अशी की येथे न दिलेले धन ‘दिलेले’ भासवले जाते. बँकेच्या नोंदीत कार्डाची माहिती ग्राहकाने भरलेली असते, ओटीपी ग्राहकाच्याच मोबाइलवर गेलेला असतो. नुकसानभरपाईच्या वेळी हीच गोष्ट आड येते. ते पुढे पाहूच.

फोन चालू असताना कोणती खूण ओळखावी? सर्वांत मोठी खूण म्हणजे तो आपल्याला फोन ठेवू देत नाही. ‘ठेवू नका सर, लाइन तुटली तर नोंद रद्द होईल.’ मुलाला विचारतो म्हटले तर तो म्हणतो, ‘तेवढा वेळ नाही.’ रात्री साडेनऊची वेळ त्यासाठीच निवडलेली असते. भरणा केंद्र बंद, बँक बंद, मुलगा अजून दुकानातून आलेला नाही, शेजाऱ्याचे दार वाजवण्याची वेळ नाही. साऱ्या विचारपूस करण्याच्या वाटा बंद आहेत असे भासावे आणि उघडी वाट एकच, तो स्वतः. प्रत्यक्षात महावितरणचे ग्राहक सेवा केंद्र रात्रंदिवस चालू असते. १९१२ किंवा १९१२०, आणि १८००-२१२-३४३५ किंवा १८००-२३३-३४३५ हे त्याचे निःशुल्क क्रमांक आहेत. समोरच्याचा फोन ठेवून, आपण स्वतः यांपैकी एक क्रमांक लावून ‘माझ्या ग्राहक क्रमांकावर काही थकबाकी आहे का’ एवढे विचारले की संशय फिटतो. गुगलवर शोधून मिळालेला ‘ग्राहक सेवा’ क्रमांक मात्र वापरू नये. तेथेही खोटे क्रमांक पेरलेले असतात. बिलावर छापलेला क्रमांक घ्यावा.

आपल्याकडे सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचे, दोन घडींचे असते. तेवढा वेळ आपण फोनला स्पर्श करीत नाही आणि संसाराचे काही अडत नाही, हा आपला रोजचा अनुभव आहे. बिलाविषयीच्या कोणत्याही संदेशाला हेच माप लावावे. दोन घडी थांबल्याने खरी वीजजोडणी कधी तुटत नाही. तिला पंधरा दिवसांची मुदत आहे. दोन घडी थांबल्याने जर काही बिघडणार असेल, तर ते समोरच्या मनुष्याचे बिघडणार आहे.

मात्र हा थांबण्याचा नियम पैसे जाण्यापूर्वीचा आहे. पैसे गेले, किंवा अनोळखी ॲप मोबाइलमध्ये बसवले असे लक्षात आले, की नियम उलट होतो. मग एक मिनिटही थांबू नये. लाजेने, ‘मुले रागावतील’ या भीतीने किंवा ‘सकाळी बँक उघडल्यावर पाहू’ म्हणून पुष्कळ घरांत बहुमोल तास निघून जातात. याच तासांत चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात सरकत असतात. ते कोठे तरी खात्यात आहेत तोवर गोठवता येतात. एटीएममधून रोख निघाले की हाती काही उरत नाही.

म्हणून प्रथम तो मोबाइल विमान मोडवर टाकावा आणि वायफायही बंद करावे, म्हणजे पडदा पाहणाऱ्याचा आणि ॲपचा संबंध तुटतो. नंतर घरातील दुसऱ्या मोबाइलवरून दोन फोन करावेत. एक बँकेच्या कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर, कार्ड व नेटबँकिंग बंद करण्यासाठी. दुसरा १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर. १९३० वर बँकेचे नाव, खाते किंवा कार्ड, गेलेली रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतात. तो व्यवहार क्रमांक बँकेच्या संदेशात किंवा खात्याच्या नोंदीत असतो. ही माहिती ज्या बँकेत पैसे गेले तिच्याकडे पाठवली जाते आणि ती बँक उरलेली रक्कम रोखून धरते. मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवावा, cybercrime.gov.in वर तक्रार पूर्ण करावी आणि नजीकच्या पोलीस ठाण्यात जावे. चोराचा संदेश, क्रमांक आणि फाइल पुसून टाकू नये. त्यांची छायाचित्रे दुसऱ्या मोबाइलने काढून ठेवावीत, ते पुरावे आहेत. संशयित ॲप काढून टाकणे आणि सर्व परवलीचे शब्द दुसऱ्या यंत्रावरून बदलणे हे त्यानंतर. .apk बसवले असेल, तर जाणत्या माणसाकडून मोबाइल मुळापासून पुसून घेणे उत्तम. पैसे गेले नसले आणि केवळ संदेश आला असला, तर तो संचार साथी संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सुविधेत कळवता येतो. ती मार्च २०२४ पासून याच कामासाठी आहे.

बँकेला तत्काळ कळवण्याचे आणखी एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाच्या जबाबदारीची विभागणी केली आहे. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा अनधिकृत व्यवहारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर काही भार येत नाही. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, उदाहरणार्थ कार्डाची गुप्त माहिती दिल्यामुळे, नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवण्याच्या क्षणापर्यंतचे सारे नुकसान ग्राहकाचे. त्या क्षणानंतर होणारे नुकसान बँकेचे. आजोबांच्या उदाहरणात बँक दुसरे कलम पुढे करण्याचा संभव मोठा आहे. अशा वेळी बँकेला किती वाजता कळवले, ही नोंद हजारो रुपयांच्या मोलाची ठरते. फोनवर कळवल्यावर तक्रार क्रमांक मागून घ्यावा आणि त्याच वेळी ई-मेलनेही लिहून ठेवावे.

शेवटी घरात करून ठेवावयाची एक छोटी व्यवस्था सांगतो. आपला मोबाइल क्रमांक महावितरणकडे नोंदवलेला असला, की बिलाचा खरा संदेश वेळेवर येतो आणि खोट्याशी ताडून पाहता येतो. नोंदणीसाठी MREG लिहून, एक जागा सोडून बारा आकडी ग्राहक क्रमांक लिहावा आणि तो संदेश ९९३०३९९३०३ वर पाठवावा. घराचा, गाळ्याचा आणि दुकानाचा ग्राहक क्रमांक, दर महिन्याला बिल भरल्याची तारीख आणि महावितरण, बँक व १९३० हे क्रमांक एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून टेलिफोनजवळ किंवा कॅलेंडरखाली लावावा. ज्या घरी मुले परदेशी आहेत आणि आई-वडील एकटे आहेत, तेथे बिल भरण्याचे काम एकानेच करावे आणि ते कोण करतो हे सर्वांना ठाऊक असावे. मुलगा पुण्याबाहेरून बिल भरत असेल, तर ‘बिल माझा मुलगा भरतो, त्याच्याशी बोला’ हे वाक्य आई-वडिलांनी निःसंकोच म्हणावे आणि फोन ठेवावा. खरा कर्मचारी हे उत्तर मान्य करील, कारण त्याला पैसे कोण भरतो याच्याशी कर्तव्य नसते. खोटा मनुष्य मात्र त्याच क्षणी चिडतो किंवा पुन्हा अंधाराची धमकी देतो, आणि तो कोण आहे हे त्याच्याच तोंडून कळते.